सत्तावीस लाख आज घ्यायचे की दावा चालवायचा? अपघाताच्या दाव्यातलं तडजोडीचं गणित

[मागे पांढरा बोर्ड, हातात मार्कर]

नमस्कार. राष्ट्रीय लोकअदालतीचा दिवस. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी, पॅनेलसमोर फायलींचा ढीग. विमा कंपनीचे वकील म्हणतात, "व्याजासकट सत्तावीस लाख. आज सही केलीत तर." ज्या बाईचा नवरा अपघातात गेला, तिच्याकडे विचार करायला दहा मिनिटं असतात. आणि सही झाली की विषय संपला. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही.

मी अपघाताचे दावे चालवते. त्या दहा मिनिटांत लोक एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, जास्त मिळेल का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं, पण घरी बसून, लोकअदालतीच्या आठवडाभर आधी, एका कागदावर ते बरंचसं काढता येतं. आज तोच कागद आपण बोर्डवर काढणार आहोत. यातलं कुटुंब आणि आकडे मी समजावण्यासाठी बेतलेत. हिशोबाची पद्धत मात्र अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात चालते तीच आहे.

वय ३८, स्वतःची इलेक्ट्रिकची कामं घेणारा माणूस. मोटारसायकलला ट्रकची धडक. मागे बायको, दोन मुलं आणि आई. दावा दाखल होऊन २ वर्षं झाली आहेत, निकालाला अजून ३ वर्षं लागतील असं धरू.

आधी बघू, जिंकलो तर किती. हे अंदाजपंचे नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी रीत घालून दिलेली आहे. घरचे म्हणतात कमाई महिना २०,००० होती. म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिसाच्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती यापोटी ४० टक्के वाढ. झाले ३ लाख ३६ हजार. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरले २ लाख ५२ हजार. ३८ वयाला गुणक १५, म्हणजे ही वर्षाची रक्कम किती पट धरायची तो वयावरून ठरलेला आकडा. गुणाकार केला की ३७ लाख ८० हजार. सहवासाला मुकल्याबद्दल घरच्या प्रत्येकाला मिळणारी रक्कम, अंत्यविधीचा खर्च वगैरे मिळून साधारण २ लाख ३० हजार धरते. एकूण साधारण ४० लाख.

पण त्याचं आयकर विवरणपत्र नाही. कामाचे पैसे कधी रोख, कधी फोनवर. न्यायाधिकरण म्हणू शकतं, पुरावा नाही, आम्ही १२,००० धरतो. तीच सगळी आकडेमोड १२,००० वर केली की येतात २५ लाख. कमाईच्या एका आकड्यावर १५ लाखांचा फरक पडला, हे लक्षात ठेवा. शेवटी आपण परत इथेच येणार आहोत.

[बोर्डवर डावीकडे एक चौकोन, त्यातून दोन रेघा]

आता झाड काढू. हा चौकोन म्हणजे आपला निर्णय. वरची फांदी तडजोड, तिच्या टोकाला २७ लाख. खालची फांदी दावा. ती पुढे फुटते, आणि जिथे फुटते तिथे गोल काढायचा, कारण तिथे निर्णय आपल्या हातात नाही.

पहिला गोल, चूक कोणाची? गुन्हा ट्रकचालकावर नोंदवलाय, आरोपपत्रही त्याच्यावरच आहे. पण कंपनी म्हणणार, मोटारसायकलवाल्याचीही चूक होती. न्यायाधिकरणाने ते मानलं आणि त्याच्यावर ३० टक्के चूक टाकली, तर भरपाईही ३० टक्क्यांनी घटते. शक्यता किती? पोलिसांनी केलेला घटनास्थळाचा पंचनामा काढा. ट्रकच्या टायरच्या खुणा रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहेत, मोटारसायकल कुठून चेपलीय. मग वकिलांना विचारा, कंपनी ट्रकचालकाला साक्षीला उभा करणार आहे का? याच्यावर पुष्कळ अवलंबून असतं. मोटारसायकलवाल्याचीही चूक होती हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असतं, आणि ट्रकचालक साक्षीला आलाच नाही तर ही फांदी बारीक होते. आपल्या उदाहरणात ३० टक्के चूक टाकली जाण्याची शक्यता दहात तीन धरू.

दुसरा गोल, कमाई किती धरली जाईल? आज जे कागद आहेत त्यावर २०,००० मान्य होण्याची शक्यता दहात चार.

वकिलांकडून हा अंदाज कसा काढायचा, तेही सांगते. "केस मजबूत आहे का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो, चांगली आहे" असंच येतं. विचारा, "अशा दहा केसेस याच न्यायाधिकरणात गेल्या, तर किती जणांची कमाई पूर्ण धरली जाईल?" मग वकील थांबतात, आठवतात आणि एक आकडा देतात.

[चार टोकं लिहीत]

दोन गोलांमुळे चार टोकं झाली. कमाई पूर्ण, चूक शून्य, म्हणजे ४० लाख: शक्यता २८ टक्के. कमाई कमी, चूक शून्य, २५ लाख: ४२ टक्के. कमाई पूर्ण पण ३० टक्के कपात, २८ लाख: १२ टक्के. आणि दोन्हीकडे मार, साडेसतरा लाख: १८ टक्के. शक्यतांची बेरीज १०० येते का, हे दर वेळी तपासा. नाही आली तर कुठलीतरी फांदी राहून गेलीय.

प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणायचं आणि बेरीज करायची. येतात २८ लाख २० हजार. हे अपेक्षित मूल्य. निकालात ही रक्कम कधीच येणार नाही, झाडाच्या टोकांवर ती नाहीच. अशा शंभर केसेस चालल्या तर सरासरी इतके पडतील, एवढाच तिचा अर्थ.

इथे बरेच जण थांबतात. सत्तावीस विरुद्ध सव्वाअठ्ठावीस, म्हणजे जवळपास सारखंच, घेऊन टाका. हे चूक आहे. २७ लाख व्याजासकट आहेत आणि आज आहेत. २८ लाखांवर व्याज धरायचंय आणि ते ३ वर्षांनी येणार आहेत. दोन्ही एकाच तारखेला आणून ठेवल्याशिवाय तुलना होत नाही. आपण दोन्ही निकालाच्या दिवशी, म्हणजे आजपासून ३ वर्षांनी, आणून ठेवू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७१ खाली दावा दाखल झाल्यापासून व्याज देता येतं. दर न्यायाधिकरण ठरवतं. आपण सरळव्याजाने ७ टक्के धरू. ५ वर्षांचे ३५ टक्के झाले, म्हणजे २८ लाख २० हजारांचे ३८ लाख. मधल्या काळातला साक्षीपुरावा, फेऱ्या, फी यांचा खर्च वजा करून पावणेसदतीस लाख धरा. आणि आजचे २७ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर ३ वर्षांत ३३ लाख होतात.

म्हणजे दावा जवळपास पावणेचार लाखांनी पुढे. तडजोड नाकारायची?

थांबा. या घरावर कर्ज आहे. दवाखान्याचं बिल आणि कामाच्या मालासाठी काढलेलं, थकलेल्या व्याजासकट आज ६ लाख, २४ टक्के चक्रवाढ व्याजाने, आणि नवरा गेल्यापासून हप्ता भरलेला नाही. ३ वर्षांत या ६ लाखांचे जवळपास साडेअकरा लाख होतात. तडजोड केली तर ६ लाख आजच फेडता येतात, उरलेल्या २१ लाखांचे ३ वर्षांनी पावणेसव्वीस होतात आणि डोक्यावर काही राहत नाही. दावा चालवला तर पावणेसदतीसमधून साडेअकरा गेले, उरले सव्वापंचवीस.

तोच अपघात, तीच टोकं, तेच २७ लाख. बिनकर्जाच्या घराने नाकारावेत आणि कर्जाच्या घराने घ्यावेत, असं उत्तर आलं. न्यायाधिकरणातलं व्याज सरळ चढतं आणि सावकाराचं चक्रवाढ. कंपनी हायकोर्टात अपिलात गेली तर ही दरी आणखी रुंदावते. ती फांदी मी बोर्डवर काढली नाही, पण कर्ज असेल तर तुम्ही जरूर काढा.

एक सावधगिरी. लहान मुलांच्या वाट्याची रक्कम बहुतेक वेळा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. कर्ज फेडायला बाईच्या हातात लगेच किती येणार, हे सही करण्याआधी विचारून घ्या. पैसे किती दिवसांत जमा होतील आणि उशीर झाला तर व्याज किती, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

आता ते १८ टक्क्यांचं टोक बघा, साडेसतरा लाखांचं. व्याज धरून, खर्च आणि कर्ज वजा केलं की त्या घराच्या हातात ११ लाख उरतात. साधारण साडेपाचात एक वेळ. विमा कंपनी हजारो दावे चालवते, तिला सरासरी पुरते. या बाईचा दावा एकच आहे. त्या ११ लाखांत दोन मुलांची शाळा आणि सासूचं औषधपाणी निभणार नसेल, तर सरासरी थोडी कमी पडत असली तरी मी तिला खात्रीचे पैसे घ्यायला सांगते. सरासरीच्या किती खाली जाऊन घ्यायचं, हा आकडा मात्र वकिलाने ठरवू नये. तो घराने ठरवायचा.

मग तडजोडीच्या टेबलावर काय मागायचं? याच हिशोबाने उलटं जा. किती रक्कम आज मिळाली तर दोन्ही बाजू सारख्या होतात? कर्जाच्या घरासाठी ती पावणेसत्तावीस लाखांच्या आसपास येते, बिनकर्जाच्या घरासाठी ३० लाखांच्या. याच्या खाली सही नाही. हा आकडा कंपनीच्या वकिलांना सांगायचा नाही, आणि कर्जाचा विषय तर त्यांच्यासमोर काढायचाच नाही.

[पुन्हा दुसऱ्या गोलावर मार्कर]

आणि आता कमाईच्या फांदीकडे परत. दहात चार ही शक्यता आजच्या कागदांवरची आहे. बँकेचा ३ वर्षांचा खातेउतारा काढला, फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी घेतल्या, ज्यांची कामं केली त्यातले दोघं साक्षीला तयार झाले, तर समजा ती दहात सात झाली. अपेक्षित मूल्य २८ लाख २० हजारांवरून ३२ लाख ३० हजारांवर जातं. कर्जाच्या घराची सहीची किमान रक्कम पावणेसत्तावीसवरून सव्वाएकतीस लाखांवर जाते. म्हणजे आता सत्तावीसला नाही म्हणायचं, ते सुद्धा कर्ज डोक्यावर असताना. लोकअदालतीची तारीख मिळाली असेल, तर उद्या सकाळी आधी बँकेत जा.