आजीने सांगितलेला नातू

नाशिकच्या पांडवलेणीत, तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत आपण उभे आहोत. भिंतीवरचा हा प्राकृत लेख एका आजीचा आहे. तिचं नाव गौतमी बलश्री.

सातवाहन राजे नावाआधी आईच्या गोत्राचं नाव लावत. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. या नावांतून आई कळते, बाप कळत नाही. नुसती नावं हाती असती, तर या दोघांचं नातं ठरवताच आलं नसतं. बलश्री मात्र स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते. मुलगा गौतमीपुत्र, नातू पुळुमावी. बापलेकाचं नातं आजीच्या शब्दांवर उभं आहे.

लेखाचा काळ दिलाय तो असा: पुळुमावीचं 19 वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. ही राजाच्या कारकिर्दीची वर्षं. शक नाही, वार नाही, ग्रहण नाही. पंचांग लावून पडताळायचं तरी काय?

पुढच्या काळातल्या ताम्रपटांत ही अडचण बरीच कमी होते. इथून जवळच, अंजनेरीला भोगशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात आजोबा स्वामिचंद्र, वडील सिंहवर्मा आणि दान देणारा भोगशक्ती अशी सरळ वंशावळ आहे. वर्ष आहे 461. ते कलचुरी संवताचं धरलं की इसवी सन 710च्या आसपास येतं.

सातवाहनांसाठी मात्र शत्रूचा आधार घ्यावा लागतो. याच ओसरीत गौतमीपुत्राचा 18 व्या वर्षाचा हुकूम कोरलेला आहे. गोवर्धनच्या अमात्याला तो कळवतो, की आजवर ऋषभदत्ताकडे असलेलं 200 निवर्तनांचं शेत आता भिक्षूंना द्यावं. हा ऋषभदत्त म्हणजे क्षहरात राजा नहपानाचा जावई, इथल्याच दहाव्या लेण्याचा दाता. जमिनीच्या या साध्या कागदानं सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली ते सांगून टाकलं. मला तर विजयाच्या वर्णनांपेक्षा हा पुरावा मोलाचा वाटतो, कारण तो लिहिणाऱ्याला बढाई मारायची नव्हती.

नहपानाचं शेवटचं ज्ञात वर्ष 46, ते जुन्नरच्या लेखात आहे. हे वर्ष शकाचं मानलं, तर 46 अधिक 78, म्हणजे इसवी सन 124. गौतमीपुत्राचं 18 वं वर्ष त्याच सुमाराचं, म्हणून तो गादीवर आला साधारण 106-107 मध्ये.

पण 46 या आकड्यापुढे शक हा शब्द कुठेच नाही. काही अभ्यासक ती नहपानाच्या राज्याचीच वर्षं मानतात आणि त्याला पहिल्या शतकात नेतात. तसं केलं की गौतमीपुत्र सरकतो, त्याच्यामागे पुळुमावी आणि आजीचा हा लेखही सरकतो. तिघांचा क्रम मात्र जागचा हलत नाही. 1906 साली याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातल्या हजारो नाण्यांवर खाली नहपानाचा चेहरा आहे आणि त्यावर गौतमीपुत्राचा ठसा.