वेटलिस्टवर पहिला नंबर, तरी जागा नाही

(अमेरिकेत एमएससाठी निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

व्हिसा झाला, तिकीट काढलं, आता फक्त बॅगा भरायच्या, अशा समजुतीत तुमच्यातले बरेच जण असतील. पण कोर्सचं रजिस्ट्रेशन बहुतेकांना इथूनच, घरी बसून करावं लागतं. पोर्टलवर दिलेली वेळ तिथली असते. टेक्सासमधल्या विद्यापीठाने जुलैत सकाळी ८ म्हटलं, तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याची एक मेकॅनिकल इंजिनिअर डेटा सायन्सला चालली आहे. तिला तीन कोर्स हवेत, प्रत्येकी ३ क्रेडिट: स्टॅटिस्टिक्स, डेटाबेस आणि मशीन लर्निंग. पहिले दोन मिळाले. मशीन लर्निंगवर क्लिक केलं तर पोर्टल म्हणतं, प्रीरिक्विझिट पूर्ण नाही. अहो, प्रोबॅबिलिटी तर ती इंजिनिअरिंगला शिकली आहे! शिकली आहे, पण पोर्टल बघतं ते त्याच विद्यापीठातले कोर्स नंबर. आपल्या मार्कशीटवरचा 'एम-थ्री' त्याला कळत नाही. अशा वेळी विभागाच्या ॲडव्हायझरला मार्कशीट आणि त्या विषयाचा सिलॅबस पाठवायचा आणि सूट मागायची. सिलॅबसची पानं आत्ताच स्कॅन करून ठेवा, कारण 'एम-थ्री' या नावावरून त्यात प्रोबॅबिलिटी होती हे समोरच्याला कसं कळणार?

सूट मिळाली. आता मशीन लर्निंगचे दोन सेक्शन आहेत. दुसऱ्यात जागा आहे, पण त्याची वेळ सोमवार-बुधवार ३ वाजता, आणि डेटाबेस संपतो सव्वातीनला. पंधरा मिनिटांचा क्लॅश, पण पोर्टलला पंधरा मिनिटं काय आणि तास काय, सारखंच. राहिला पहिला सेक्शन, मंगळवार-गुरुवारचा. तो फुल. ती वेटलिस्टवर जाते आणि नंबर येतो पहिला. घरात पेढे वाटायचेच बाकी!

इथेच गडबड होते. वेटलिस्टवरचे क्रेडिट तुमचे धरले जात नाहीत. तिच्या खात्यावर आत्ता ६ क्रेडिट आहेत. एफ-१ व्हिसावर फुल-टाइम असावंच लागतं, आणि मास्टर्ससाठी त्याचा अर्थ बहुतेक विद्यापीठांत सत्राला ९ क्रेडिट असा असतो. वर्ग भरला होता ही सबब इमिग्रेशनच्या नियमांत बसत नाही. म्हणून ती हुशारीने तिसरा, शुक्रवारचा डेटा व्हिज्युअलायझेशन घेऊन ठेवते. तो ऑनलाइन असता तरी चाललं असतं, पण सत्रात असा एकच, ३ क्रेडिटपर्यंतचा कोर्स फुल-टाइमच्या हिशेबात धरतात. झाले ९.

आता धरून चाला, की तिच्या विभागात पहिल्या सत्राची कमाल मर्यादाही ९ आहे. आठवड्याने कुणीतरी मशीन लर्निंग सोडतं. सिस्टिम तिला आत घ्यायला जाते, बेरीज १२ होते, मर्यादा ओलांडते, म्हणून तिला वगळून दुसऱ्या नंबरच्या मुलाला जागा देते. निरोप वगैरे येईलच असं नाही. तुम्ही वेटलिस्टवर ज्या वेळेचा कोर्स मागितलाय, त्याच वेळेचा दुसरा घेऊन ठेवला असेल तरी असंच होतं. यादीत नंबर तसाच दिसतो, आणि आपण वाट बघत बसतो.

यावर उपाय पोर्टलमध्येच आहे. पीपलसॉफ्टवर चालणाऱ्या पोर्टलमध्ये Swap असतं: मशीन लर्निंग मिळालं तरच व्हिज्युअलायझेशन सोड, असं आधीच सांगून ठेवायचं. पोर्टल बॅनर या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर Conditional Add and Drop हा पर्याय शोधा. बॅनरमध्ये आणखी एक गोष्ट. तिथे जागा झाली की सहसा ईमेल येतो आणि ठरावीक मुदतीत, बरेचदा २४ तासांत, तुम्हालाच जाऊन रजिस्टर करावं लागतं. ईमेल येतो विद्यापीठाच्या पत्त्यावर, आणि आपण बघतो जीमेल. हाताने आधी ड्रॉप आणि मग ॲड मात्र कधी करू नका. मधल्या मिनिटात दोन्ही जागा जाऊ शकतात.

कधी सेक्शनमध्ये चार जागा दिसतात, तरी आत घेत नाही. त्या बहुधा दुसऱ्या विभागाच्या मुलांसाठी राखीव असतात. भांडून उपयोग नाही. राखीव जागा कधी खुल्या होतात, तेवढं विभागाच्या ऑफिसला विचारा.

आणि वर्ग सुरू होईपर्यंत नंबर लागलाच नाही तर? प्राध्यापकांना चार ओळी लिहा: कोर्स आणि सेक्शन नंबर, वेटलिस्टवरचा क्रमांक, प्रीरिक्विझिटची सूट मिळाल्याचं, आणि हा कोर्स याच सत्रात का हवा ते. पुढच्या कोर्सला तो लागत असेल तर तेच कारण सगळ्यात वजनदार. 'आय ॲम व्हेरी पॅशनेट' राहू द्या. पहिल्या तासाला जाऊन बसा, कारण पहिल्याच आठवड्यात मुलं कोर्स सोडतात. प्राध्यापक परमिशन नंबर देऊ शकतात. त्याने भरलेला सेक्शन उघडतो, पण वेळेचा क्लॅश सहसा त्याने सुटत नाही, त्याची परवानगी वेगळी.

ॲड करायची शेवटची तारीख आणि पूर्ण फी परत मिळून ड्रॉप करायची तारीख एकच असेल असं धरू नका. दोन्ही ॲकॅडेमिक कॅलेंडरमध्ये बघा. आणि ९च्या खाली नेणारा कुठलाही ड्रॉप करण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची परवानगी घ्या. ती आधीच लागते, नंतर जाऊन सांगितलेलं चालत नाही.