एडिटरला सापडेल असा लॉग

(डॉक्युमेंटरी शिकणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, थोडंफार संपादन केलं आहे.)

आज मी लॉगिंगवर बोलणार आहे. म्हणजे शूट झालेलं फुटेज बसून बघायचं, कोण काय बोललं, काय घडलं ते टाइमकोडसकट लिहून काढायचं, जेणेकरून एडिटरला हवा तो क्षण शोधायला तासन् तास स्क्रब करत बसावं लागू नये. हे काम बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर माणसाकडे येतं, आणि त्याला कोणी नीट सांगत नाही की लिहायचं काय. म्हणून एकच उदाहरण घेऊया आणि त्यातच फिरूया.

समजा तुम्ही ऊसतोड कामगारांवर फिल्म करताय. बीडकडून आलेली टोळी, कोल्हापूरच्या बाजूला कारखान्याच्या जवळ कोपी टाकल्यात, आणि एका मावशींची साधारण पाऊण तासाची मुलाखत झालीय. एक मेन कॅमेरा, मावशींच्या पदराला लावलेला लेपल माइक, तो वेगळ्या रेकॉर्डरवर. कार्ड तिसरं, क्लिपचं नाव A003_C012, आणि कॅमेऱ्याचा टाइमकोड घड्याळाच्या वेळेला लावलेला, ज्याला आपण फ्री रन म्हणतो. क्लिप सुरू होते 10:42:15:00 ला. तास, मिनिट, सेकंद आणि शेवटचे दोन आकडे फ्रेम. आपल्याकडे पंचवीस फ्रेमवर शूट करतात, म्हणून शेवटचा आकडा 00 ते 24 एवढाच दिसणार. तिथे 27 दिसला तर लगेच समजा की ही फाइल वेगळ्या फ्रेमरेटची आहे.

आता पहिली गडबड कुठे होते बघा. ट्रान्सक्राइब करणाऱ्याला कोणीतरी मुलाखतीची फक्त ऑडिओ फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवतं. तो प्लेअरमध्ये ऐकतो, प्लेअर शून्यापासून मोजतो, आणि तो लिहितो, सतरा मिनिटं बत्तीस सेकंदाला मावशी फार भारी बोलल्यात. एडिटरच्या टाइमलाइनवर असा आकडाच नाही, त्याच्या क्लिपवर 10:42 पासून पुढे चालू आहे. मग त्याने बेरीज करायची, 10:42:15 मध्ये 17:32 मिळवायचे, 10:59:47. एका वाक्यासाठी ठीक आहे, पण तीनशे वाक्यांसाठी कोण करेल, आणि रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या आधीच चालू केला असेल तर ही बेरीजसुद्धा तेवढ्या सेकंदांनी चुकते. म्हणून ट्रान्सक्राइब करायला देताना ऑडिओ सिंक करून, कॅमेऱ्याचा टाइमकोड आणि क्लिपचं नाव स्क्रीनच्या कोपऱ्यात छापलेली हलकी प्रॉक्सी फाइल काढून द्या. प्रीमिअर, रिझॉल्व्ह, अॅव्हिड, सगळ्यांत हे बर्न-इन करता येतं. बघणारा कुठल्याही प्लेअरमध्ये बघो, डोळ्यांसमोर खरा आकडा असतो, तोच तो लिहितो. चेहरा दिसतो हा फायदा वेगळाच, त्यावर येतोच.

प्रॉक्सी दिली की एक तपासणी करा, दोन मिनिटांचं काम आहे. प्रॉक्सीत अगदी सुरुवातीचा एक शब्द पकडा आणि मुलाखतीच्या शेवटाकडचा एक, दोघांचे टाइमकोड मूळ क्लिपवर टाकून बघा. दोन्ही जुळले तर काम सुरू करा. सुरुवात जुळली आणि शेवट सरकला असेल तर फ्रेमरेटचा घोळ आहे, तो तिथेच सोडवा. मोबाइलवर काढलेल्या क्लिप्समध्ये हे जास्त होतं, कारण फोन बऱ्याचदा फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही. शिवाय फोनच्या बहुतेक फाइल्सचा टाइमकोड शून्यापासूनच सुरू होतो, म्हणजे वीस क्लिप्स असतील तर 00:01:10 वीस वेळा येणार. फ्री रनमध्येही तेच, आजचं 10:59 आणि उद्याचं 10:59 वेगळं कसं ओळखणार? म्हणून लॉगच्या प्रत्येक ओळीत क्लिपचं नाव हवंच हवं. पानाच्या वर एकदा लिहून भागत नाही, कारण एडिटर ओळी सॉर्ट करतो, दुसरीकडे चिकटवतो, आणि मग ती ओळ अनाथ होते.

आता मुख्य गोष्ट, ओळीत काय लिहायचं. मी असे कितीतरी लॉग बघितलेत ज्यात लिहिलेलं असतं, "मावशी कर्जाबद्दल बोलतात, छान बाइट." एडिटरला यातून काहीच मिळत नाही हो. छान म्हणजे काय, वाक्य कुठून सुरू होतं, कुठे संपतं, आवाज स्वच्छ आहे का, हे त्याला हवंय. त्याच जागेचा लॉग असा असायला पाहिजे:

```
A003_C012
10:59:47 – 10:59:50  "उचल घेतली तवा पोरगं पोटात व्हतं."
                     सुरुवात स्वच्छ, आवाज खाली येऊन वाक्य संपतं
10:59:50 – 10:59:56  गप्प. पदर सारखा करतात, उजवीकडे बघतात
10:59:56 – 10:59:59  "आता त्ये कोयता धरतंय."
                     10:59:58 पासून मागून ट्रॅक्टर, शेवटचा शब्द दबलाय
                     ट्रॅक्टर-ट्रॉलीचा शॉट: A003_C021
```

हे वाचून एडिटर काय करू शकतो बघा. पहिलं वाक्य एकटं वापरता येईल हे त्याला न ऐकता कळलं, कारण आवाज खाली येऊन संपतो. माणूस बोलताना आवाज वर ठेवून थांबला असेल तर तिथे कट मारला की ऐकणाऱ्याला पुढचं काहीतरी तोडल्यासारखं वाटतं, कागदावर मात्र पूर्णविराम दिसतो आणि सगळं बरोबर वाटतं. म्हणून "आवाज वर राहतो" एवढे तीन शब्द लिहा, एडिटरचा अर्धा दिवस वाचतो. दुसरं, ती सहा सेकंदांची शांतता. फक्त ऑडिओ ऐकून लिहिणारा तिथे काहीच लिहीत नाही, कारण शब्दच नाहीत, आणि माझ्या मते त्या पूर्ण मुलाखतीतला सगळ्यात वापरण्यासारखा भाग तोच आहे. गप्प बसण्याला, हसण्याला, डोळे पुसण्याला स्वतःची ओळ आणि स्वतःचा टाइमकोड द्या. तिसरं, ट्रॅक्टर. शेवटचा शब्द दबलाय म्हणून ते वाक्य फुकट गेलं असं नाही, आवाज ट्रॅक्टरचा आहे आणि ट्रॅक्टरचा शॉट C021 मध्ये आहे हे माहीत असेल तर एडिटर तिथेच त्या शॉटवर जाऊ शकतो, आणि अडचण होती तीच जागा कटची होते. शॉट नसता आणि वाक्य स्वच्छ हवंच असतं, तर मावशींनी हेच परत कुठे म्हटलंय का ते शोधायला लागलं असतं, आणि लोक म्हणतात बरं का परत, मुलाखतीत माणसं महत्त्वाची गोष्ट दोन-तीनदा सांगतात. दुसऱ्यांदा आली की तिथे आधीचा टाइमकोड लिहून ठेवा.

उत्तर प्रश्नाशिवाय उभं राहतं का, हेही लिहा. आपला आवाज फिल्ममधून काढायचा असेल आणि मावशी म्हणाल्या "व्हय, तवापासनंच", तर त्याचा एकट्याने काही उपयोग नाही. तसंच विचारणाऱ्याचं "हं, हं" उत्तरावर चढलं असेल तर ते.

बोली आहे तशी लिहा, प्रमाण मराठीत सुधारून लिहू नका. एडिटर कागद बघून कट मारतो, कागदावर "नव्हतं" आणि कानाला "न्हवतं" असेल तर निदान अर्थ तरी पोचतो, पण लोक शब्दक्रम बदलतात, मध्येच अडखळणं गाळतात, आणि मग कागदावर सलग दिसणारं वाक्य प्रत्यक्षात तीन तुकड्यांत असतं. अडखळलेलं अडखळलेलंच लिहा. पण याने शोधाची अडचण होते, कारण "नाही", "न्हाय", "नाय" हे एकाच शीटमध्ये आले की सर्चमध्ये एकच सापडतं. त्यासाठी बाजूला एक वेगळा कॉलम ठेवा विषयांचा, आणि त्यातले शब्द आधीच ठरवून घ्या, उचल, मुकादम, शाळा, आजारपण, गाव, असे पंधरा-वीस पुरेत, आणि लॉग करणाऱ्या सगळ्यांनी तेच, त्याच स्पेलिंगने वापरायचे. एकाने "उचल" आणि दुसऱ्याने "अॅडव्हान्स" लिहिलं की अर्धं फुटेज गायब. टाइमकोडचे आकडे इंग्रजीतच टाइप करा, म्हणजे कॉपी करून थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकता येतात, आणि एक्सेलमध्ये तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर ते 00:17:32 ला घड्याळातली वेळ समजून आपल्या मनाने बदलतं.

वेळ किती लागतो, तर एका तासाच्या मुलाखतीचं शब्दशः ट्रान्सक्रिप्ट करायला चार ते सहा तास धरा, आवाज खराब असेल तर जास्त. म्हणून सगळं फुटेज असं लिहायच्या भानगडीत पडू नका. मुलाखती पूर्ण लिहा. फडात ऊस तोडताना, मोळ्या बांधताना, गाडी भरताना काढलेल्या शॉट्सना कृती कुठे सुरू झाली, कुठे पूर्ण झाली, कॅमेरा कुठून कुठे स्थिर आहे, एवढं पुरे. मोळी डोक्यावर घेण्यापासून ट्रॉलीत टाकेपर्यंत सलग मिळालंय का, हा एडिटरचा प्रश्न असतो, त्याचं उत्तर द्या. आणि कोपीतला नुसता शांत आवाज, ज्याला रूम टोन म्हणतात, तो अर्धा मिनिट रेकॉर्ड केला असेल तर त्याची ओळ नक्की टाका, साउंडवाला तोच शोधत येतो.

स्टार देताना हात आखडता ठेवा. तीनच दर्जे पुरतात, हवंच, चालेल, नको. दहापैकी आठ ओळींना "हवंच" दिलं तर दिलंच नाही असं समजा. आणि फिल्मचा विषय कर्ज आहे म्हणून फक्त कर्जाच्या ओळी निवडू नका. मावशी मध्येच मुलीच्या शाळेतल्या गाण्याबद्दल हसून बोलल्या असतील, ते विषयाबाहेरचं म्हणून लोक गाळतात, आणि तीन महिन्यांनी एडिटरला दोन जड प्रसंगांच्या मधे श्वास घ्यायला नेमकं तेच हवं असतं.

अजून एक कॉलम, हा मात्र पहिल्या दिवसापासून हवा. मावशी मधेच म्हणतात, "मुकादमाचं नाव नगा लावू बाबा." कॅमेरा चालू असतो, क्लिप कार्डवर येते, आणि मुलाखतीला गेलेला माणूस एडिटच्या वेळी तिथे असेलच असं नाही. हे वाक्य आणि ज्या भागाबद्दल त्यांनी सांगितलं तो भाग, दोन्हींचे टाइमकोड लाल रंगात, "वापरायचं नाही" असं स्पष्ट लिहून. पुढच्या सीझनला त्यांना त्याच मुकादमाकडे जायचं असतं. आणि ही खूण फक्त एक्सेलमध्ये ठेवू नका, सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर मार्कर म्हणून पण टाका, कारण एडिटर शीट न उघडता क्लिप उघडणार हे नक्की.

शेवटी, एडिटरला मराठी येत नसेल तर. हे आपल्याकडे खूप होतं, एडिट दिल्लीला, नाहीतर परदेशात. मग लोक पूर्ण उत्तराचा एक इंग्रजी परिच्छेद करून देतात, वर एक टाइमकोड, आणि एडिटर वाक्याच्या मधोमध कापतो, क्रियापद बाहेर राहतं, मराठीत ते शेवटी येतं हे त्याला माहीत नसतं. त्याला प्रत्येक वाक्याचा इन आणि आउट वेगळा द्या, शेजारी मराठी ओळ, शेजारी अनुवाद, तिन्ही एकाच रांगेत. लांब वाक्य असेल तर मधे कुठे कापलं तर चालेल ती जागा तुम्हीच टाइमकोडने सांगा. आणि असेंब्ली तयार झाली की मराठी येणाऱ्या माणसाने ती डोळे मिटून एकदा ऐकायची, तुटलेली वाक्यं लगेच कानाला खटकतात, ती त्याच शीटमध्ये टाइमलाइनच्या टाइमकोडने नोंदवून परत पाठवायची.