फोटोत दिसणारे जीबी आणि आत असणारे जीबी

आधी पडद्यावरचं हे मेमरी कार्ड पाहा. लेबलवर ६४ जीबी छापलंय आणि शेजारी एसडीएचसीचं चिन्ह आहे. छपाई सुबक आहे, पण या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. एसडीएचसीची हद्द ३२ जीबीला संपते. त्यापुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. इथे आकडा वाढवला आणि चिन्ह बदलायचं राहून गेलं. पुसट अक्षरं, रंगाची छटा यांवर मात्र मी फारसं विसंबत नाही. अस्सल मालातही छपाई थोडी इकडेतिकडे होते, आणि जाहिरातीतला फोटो दुसऱ्याच कार्डाचा असू शकतो.

आता हा ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह, कवच उघडून घेतलेला फोटो. धातूचं कवच जड आहे, ते वजन फक्त कवचाचंच. पट्टीवर एकच मेमरी चिप आहे, मागची बाजू रिकामी. चिपवर MT29F64G08 अशी सुरुवात दिसते. त्यातला 64G पाहून ६४ जीबी समजू नका. ते गिगाबिट आहेत. आठाने भागलं की ८ जीबी.

शेजारची छोटी चिप म्हणजे कंट्रोलर. तिच्यावरच्या क्रमांकावरून फार तर बनवणारा आणि मॉडेल कळतं, क्षमता नाही; तीच चिप प्रामाणिक पेनड्राइव्हमध्येही असते. खोटेपणा तिच्यात भरलेल्या सेटिंगमध्ये असतो. कारखान्यातल्या सॉफ्टवेअरने तिला ‘२ टीबी सांग’ असं शिकवलेलं असतं. ८ जीबीनंतर आलेला डेटा ती टाकून देते, नाहीतर जुन्यावरच लिहिते. फायलींची यादी सुरुवातीच्या भागात असल्यामुळे नावं आणि आकार बहुतेक वेळा व्यवस्थित दिसतात; फाइल मात्र उघडत नाही. फॉरमॅट केल्याने हे सुधारत नाही.

चिपवरचा क्रमांकही घासून नवा छापलेला असू शकतो. फोटो घेताना उजेड तिरपा पाडा: घासल्याच्या बारीक समांतर रेषा चमकतात आणि कोपऱ्यातली साच्याची गोल खूण उथळ झालेली दिसते. चिपऐवजी काळ्या राळेचा थेंबच असेल, तर फोटोत वाचण्यासारखं काही उरत नाही.

मग मोजायचंच. विंडोजवर H2testw, लिनक्सवर एफ३. रिकाम्या पेनड्राइव्हवर:

```
f3write /media/pen/
f3read /media/pen/
```

पहिली आज्ञा जागा संपेपर्यंत लिहिते, दुसरी तेच परत वाचून पडताळते. लिहून संपलं म्हणजे पास झालं असं नाही. निकाल वाचतानाच लागतो. सेकंदाला १० एमबी या वेगाने २ टीबी लिहायला साधारण ५५ तास लागतील, म्हणून अशा वेळी `f3probe --destructive` बरं. ते काही ठिकाणंच तपासतं आणि मिनिटांत उरकतं, पण आतला डेटा पुसला जाऊ शकतो.

आणि ६४ जीबीच्या कार्डावर विंडोज ५९.६ दाखवतं, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.