प्राध्यापकांना लिहायचा ईमेल

श्रोतेहो, नमस्कार. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेत तिसरी-चौथी पातळी गाठायची, तर आदरार्थी रूपं चुकवून चालत नाही. आज त्यातला एकच प्रसंग घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरं.

लेखनाच्या भागात चार प्रश्न असतात, क्रमांक 51 ते 54. त्यातल्या 51 व्या प्रश्नात बहुधा एखादी सूचना, निरोप किंवा ईमेल असतो आणि त्यात दोन जागा रिकाम्या असतात. समजा, ईमेल असा आहे: "प्राध्यापक महोदय, नमस्कार. शुक्रवारी आपल्याला भेटायला यायचं ठरलं होतं, पण अचानक काम निघाल्यामुळे", इथे पहिली रिकामी जागा. "पुढच्या आठवड्यात आपल्याला कधी", इथे दुसरी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. बाकी सगळा ईमेल 'सुम्निदा' या औपचारिक शेवटात आहे.

लिहिण्याआधी दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. वाक्य कोणाला उद्देशून आहे? आणि वाक्याचा कर्ता कोण आहे? मराठी माणसाची गल्लत इथेच होते, कारण आपलं क्रियापद फक्त कर्त्याला मान देतं. "काका आले" म्हटलं की काकांचा मान राखला जातो, पण ऐकणारा कोण, ते त्या क्रियापदावरून कळत नाही. "पाऊस पडतोय" हे आपण साहेबांनाही सांगतो आणि धाकट्या भावालाही. कोरियनमध्ये भावाला 'बी वा', शेजारणीला 'बी वायो' आणि सभेत 'बी ओम्निदा'. पाऊस तोच, पण ऐकणाऱ्यानुसार शेवट बदलला. कर्त्याचा मान मात्र निराळ्या ठिकाणी बसतो, धातू आणि शेवट यांच्या मध्ये, 'शि' या अक्षरात. म्हणून मित्राशी अगदी अरे-तुरेत बोलतानाही आजी झोपल्याचं सांगायचं असेल, तर 'जुमुश्यॉ' म्हणतात. शेवट मित्रासाठी साधा, क्रियापद आजीसाठी आदराचं.

आता पहिली रिकामी जागा. ऐकणारे प्राध्यापक, म्हणून शेवट 'सुम्निदा'. कर्ता मी स्वतः, म्हणून 'शि' लावायचा नाही. घाबरून सगळीकडे 'शि' टाकणारे विद्यार्थी इथे स्वतःलाच "आपण येऊ शकत नाही आहात" असा मान देऊन बसतात! पण इथे तिसरी गोष्टही आहे: ज्यांना भेटायचं, ते मोठे आहेत. त्यांच्यासाठी साधं 'जाणं' न वापरता 'छाजाब्वेप्ता' हे क्रियापद घ्यायचं, म्हणजे थोरांच्या भेटीला जाणं. उत्तर होतं: 'मोत् छाजाब्वेल कॉत् कात्सुम्निदा', भेटीला येऊ शकणार नाही असं दिसतंय. आधीच्या वाक्यात हेच क्रियापद आलेलं असतं. ते शोधावं, फुकटची मदत असते ती.

दुसऱ्या जागेत कर्ता आहे वेळ, कोरियनमध्ये 'शिगान'. वेळ ही काही व्यक्ती नव्हे, पण ती प्राध्यापकांची आहे, म्हणून मान तिच्यापर्यंत पोचतो. 'असणं' याची दोन आदरार्थी रूपं आहेत. 'केशिदा' फक्त माणूस एखाद्या ठिकाणी असण्यासाठी: आजोबा खोलीत आहेत, साहेब जागेवर नाहीत. माणसाकडे काही असेल, वेळ, प्रश्न, मुलं, तर 'इस्सुशिदा'. म्हणून उत्तर 'शिगानि इस्सुशिम्निक्का'. 'शिगानि केशिम्निक्का' लिहिलं तर ती चूक, आणि 'शिगानि इस्सॉयो' लिहिलं तर 'शि'ही गेला आणि बाकीच्या ईमेलशी शेवटही जुळेना.

मग कुणी विचारेल, सोलच्या कॅफेत "कॉफी तयार आहे" हे 'खॉफी नाओश्यॉत्सुम्निदा' असं ऐकू येतं, तिथे कॉफीला 'शि' कसा? तिथले कर्मचारी गिऱ्हाइकाला खूश ठेवायला असं म्हणतात खरे, पण व्याकरणात ते बसत नाही, आणि कोरियन लोकही त्याची थट्टा करतात. कॉफी गिऱ्हाइकाच्या हाती जायची असली, तरी त्या वाक्यात मान द्यायला माणूसच नाही. बरोबर रूप 'नावात्सुम्निदा'. कानावर पडलेलं ते रूप परीक्षेत उतरवू नका.

आणखी एक सवय आपल्या घरातून येते. आपण आईला "तू" म्हणतो, "आई झोपली" म्हणतो. कोरियन मुलंही आईशी पुष्कळदा साधंच बोलतात. पण शिक्षकांपुढे आईचा विषय निघाला, की 'ऑमॉनि' म्हणतात आणि क्रियापदात 'शि' येतो.

51 वा प्रश्न सोडवून पुढे गेलात, की हे सगळं बाजूला ठेवायचं. 53 व्या प्रश्नात आकडेवारीवरून 200 ते 300 अक्षरांचं वर्णन असतं, 54 व्यात 600 ते 700 अक्षरांचा निबंध. तिथे समोर कुणी ऐकणारा नाही, म्हणून शेवट कोरा, 'हान्दा', 'इदा' असा. निबंधात मध्येच एखादं 'हेयो' किंवा 'हाम्निदा' घुसलं, तर गुण जातात. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा आणि फक्त वाक्यांच्या शेवटांवरून नजर फिरवा, मजकूर वाचू नका. चुकलेला शेवट तसाच पटकन दिसतो.