तापलेला समुद्र आणि मांजरा धरणाचा सप्टेंबर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा जवळ आला की बातम्यांमध्ये एक शब्द हमखास कानावर पडतो, एल निनो. यंदा एल निनो आहे, म्हणजे यंदा दुष्काळ, असं घाबरवून वृत्तवाहिन्या मोकळ्या होतात. समुद्र तापतो हजारो कोसांवर, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, आणि पाऊस कमी होतो तो आपल्या शिवारात. हे कसं घडतं ते मी थोडक्यात सांगतो. थोडक्यात अशासाठी, की मला बराच वेळ लातूरच्या एका गोष्टीला द्यायचा आहे.

प्रशांत महासागरावर विषुववृत्ताजवळ वर्षाचे बाराही महिने पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. हे वारे समुद्राच्या वरच्या थरातलं उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलत राहतात. पाण्याचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की त्याच्यावरची हवा जोमाने वर चढते आणि मोठे ढग बांधले जातात. एरवी हे ढगांचं ठाणं इंडोनेशियाजवळ असतं आणि आपल्या मोसमी पावसाला ते पोषक ठरतं. काही वर्षी मात्र हे वारे मंदावतात. साठलेलं उबदार पाणी पूर्वेकडे, पेरूच्या दिशेने सरकतं. पाण्यामागोमाग ढगांचं ठाणंही सरकतं. हवा जिथे वर चढते तिथे पाऊस, आणि जिथे ती खाली उतरते तिथे कोरड, हे लक्षात ठेवा. एल निनोच्या वर्षी खाली उतरणारी हवा आपल्या बाजूला येते. ढग जमतात, पण वाढत नाहीत.

किती तापलं म्हणजे एल निनो? प्रशांत महासागराच्या मध्यभागी एक ठरावीक पट्टा आहे. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाने गरम झालं आणि काही महिने तसंच राहिलं, की एल निनो धरतात. केवळ अर्धा अंश. २०१५ च्या अखेरीला हाच आकडा अडीच अंशांच्या वर गेला होता.

आता लातूरकडे येऊ.

२२ एप्रिल २०१५ या दिवशी हवामान खात्याने सांगितलं, की यंदा देशात सरासरीच्या ९३ टक्के पाऊस होईल. २ जूनला तो अंदाज आणखी खाली आणला, ८८ टक्के. कारणही स्पष्ट दिलं होतं: प्रशांत महासागर तापतो आहे. म्हणजे इशारा पेरणीच्या आधी आला होता. मग जून उजाडला आणि काय झालं? देशभरात पाऊस जोरात पडला. जूनची बेरीज सरासरीपेक्षा १६ टक्के जास्त निघाली. लोक म्हणाले, खात्याचा अंदाज चुकला, आणि माणसाच्या स्वभावाला धरूनच होतं ते. समोर पाऊस पडताना दूरच्या समुद्रावर कोण विश्वास ठेवणार?

जुलैपासून चित्र पालटलं. जुलैत तूट, ऑगस्टमध्ये त्याहून जास्त तूट, सप्टेंबरमध्ये सगळ्यात जास्त. हंगाम संपला तेव्हा देशाची बेरीज ८६ टक्के होती. मराठवाड्यात तर ४० टक्क्यांच्या आसपास तूट, आणि तीही लागोपाठ दुसऱ्या वर्षी.

तुटीचा हा क्रम नीट बघा. एल निनो पावसाळ्याच्या सुरुवातीला अजून वाढतच असतो. त्याचा जोर हिवाळ्याच्या तोंडाला सगळ्यात जास्त असतो. म्हणून त्याचा फटका बऱ्याचदा पावसाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्याला बसतो. आणि मराठवाड्यातली धरणं भरतात कधी? जूनचा पाऊस तापलेल्या जमिनीत मुरतो, जुलैचा पिकं पितात. नदीला खरं पाणी येतं ते ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे इकडे सरकतात तेव्हा. पुन्हा सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे: पेरणी जूनवर होते, धरण सप्टेंबरवर भरतं. एल निनो सप्टेंबर खातो. म्हणून पेरण्या साधतात, शिवार हिरवं दिसतं आणि धरण रिकामं राहतं.

लातूर शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. २०१५ चा पावसाळा संपला तेव्हा त्यातलं काहीच हाती नव्हतं. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. आणि मग मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. वाघिणी राजस्थानात कोट्याला आतून धुऊन आणल्या. पहिली गाडी ११ एप्रिलला मिरजेहून निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लीटर पाणी.

ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास. भागाकार करा, माणशी सव्वा लीटर. एक तांब्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, २५ लाख लीटरची. तेव्हाही माणशी सहा लीटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लीटर पाणी हवं, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. रात्रंदिवस राबून त्या माणसांनी गाडी चालवली, आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रेल्वेने शहर जगत नाही.

आता तीच गाडी माप म्हणून वापरू. उसाला पाटाने मोकाट पाणी दिलं तर वर्षभरात, पाऊस धरून, दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. एका हेक्टरला म्हणजे दोन कोटी लीटर. पन्नास वाघिणींच्या आठ गाड्या. पावसाचा वाटा वजा केला तरी सहा गाड्या, एका हेक्टरला. त्यातून आडसाली ऊस जुलैच्या सुमारास लागतो आणि दीड वर्ष रानात उभा राहतो. २०१४ च्या जुलैत लावलेला ऊस २०१५ चा सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा पाणी मागत होता. कांडं जमिनीत गेलं तेव्हाच पुढच्या वर्षाचं पाणी बोलून गेलं होतं. यात शेतकऱ्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. हमखास खरेदी होणारं पीक दुसरं कुठलं ठेवलंय आपण त्याच्यापुढे? तूर घ्या म्हणायचं आणि तूर आली की भाव पाडायचा, हे आपण किती वर्षं करतो आहोत! पण पाण्याचा हिशेब मांडणाऱ्यांना मात्र हे गणित ठाऊक असायला हवं होतं.

आणि या गोष्टीचा शेवट ऐका. २०१६ च्या उन्हाळ्यात प्रशांत महासागर थंड व्हायला लागला. सप्टेंबरच्या अखेरीला मराठवाड्यात असा पाऊस झाला, की नद्यांना पूर आले. ज्या वर्षी एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणलं, त्याच वर्षी मांजरा धरण भरलं.

मग एल निनो म्हणजे दुष्काळ नक्की का? नाही. १९९७ साली विसाव्या शतकातला एक सगळ्यात मोठा एल निनो होता. सगळ्यांनी धास्ती घेतली होती. पाऊस किती पडला? सरासरीच्या १०२ टक्के. त्या वर्षी इंडोनेशियात जंगलं जळत होती आणि पूर्व आफ्रिकेत, केनिया-सोमालियात पूर येत होते. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या शास्त्रज्ञांनी याचं कारण मांडलं. आपल्याच हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापली होती आणि सुमात्राकडची थंड झाली होती. पश्चिम बाजू उबदार, पूर्व बाजू थंड, असा फरक पडला की आपल्याकडे बाष्पाचा ओघ वाढतो आणि एल निनोला काही प्रमाणात तोड मिळते. पण भरवसा त्याचाही नाही. २०१५ मध्येही असा फरक होता, फक्त तो उशिरा आला. आणि २०१९ मध्ये हीच पश्चिम बाजू फार तापली, तेव्हा जूनमध्ये ३३ टक्के तूट होती, ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं आणि हंगामाची बेरीज ११० टक्के निघाली.

जाता जाता सांगतो, या बेरजा वाचून समाधान मानू नका. राज्याची सरासरी तर मला कधीच पटलेली नाही. आंबोलीचा पाऊस आणि आष्टीचा पाऊस एकत्र करून काढलेला आकडा कुणाच्या कामाचा? आणि वर्तमानपत्रांनी धरण किती टक्के भरलं हे छापण्याऐवजी पिण्याचं पाणी किती दिवसांचं आहे ते छापावं, हे मी सांगत आलोय, यापुढेही सांगेन.

२०२३ चं बघा. देशाची बेरीज ९४ टक्के, म्हणजे फार काही बिघडलं नाही असं वाटेल. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. जायकवाडी निम्मंही भरलं नाही. तेव्हाचा नियम असा होता, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, वाद झाले, आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवट आला. तोवर कोरडं झालेलं नदीचं पात्रच त्यातलं कितीतरी पाणी पिऊन टाकतं.

तर समुद्र तापलेल्या वर्षी कॅलेंडरवर तीन खुणा करा. पहिली मेअखेरची. मार्च-एप्रिलमध्ये एल निनोचा अंदाज फार कच्चा असतो, त्या महिन्यांत समुद्र कुठे वळेल ते सांगणं अवघड असतं. मेअखेरचा सुधारित अंदाज जास्त भरवशाचा. तो वाईट असेल तर धरणातलं उरलेलं पाणी उन्हाळी आवर्तनात संपवू नये, आणि आडसाली लागणीला पाण्याची हमी देऊ नये. दुसरी खूण १५ ऑगस्टची. जून कितीही चांगला गेलेला असो, त्या दिवशी धरणात किती आहे ते पाहावं आणि सप्टेंबर कोरडा जाणार असं धरून पिण्याचं पाणी तेव्हाच बाजूला काढावं, पुढच्या जुलैअखेरपर्यंतचं, बाष्पीभवन वजा करून. तिसरी खूण १५ ऑक्टोबरची. त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि रब्बीची आवर्तनं ठरतात. तुमच्या गावच्या योजनेला किती दशलक्ष घनमीटर पाणी राखून ठेवलंय आणि ते कुठल्या तारखेपर्यंत पुरेल, हे त्या बैठकीच्या आधी ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

नमस्कार.