लोणचे एकोणतिसाव्या वर्गात, मसाला तिसाव्या

(इंदूर येथे मराठी गृहउद्योजिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपल्या मालाच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करताना अर्जावर येणाऱ्या आक्षेपाला उत्तर कसे द्यावे, हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले आहे. परंतु आधी वर्गाविषयी, म्हणजे नोंदणीसाठी मालाचे जे क्रमांकवार गट केलेले असतात त्यांविषयी बोलतो, कारण चूक बहुधा तिथेच होते आणि ती पुढे सहसा सुधारता येत नाही. आपल्या एका भगिनी 'मालवी चव' या नावाने गोडा मसाला, सुकी चटणी आणि कैरीचे लोणचे सहा वर्षे विकत होत्या. अर्ज भरून देणाऱ्याने 'खाद्यपदार्थ म्हणजे तिसावा वर्ग' असे ठरवून टाकले. मसाला आणि चटणी तिसाव्या वर्गात येतात हे खरे. पण लोणचे ही टिकवलेली भाजी किंवा फळ मानली जाते आणि तिचा वर्ग एकोणतिसावा. अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवा वर्ग घालता येत नाही. त्यांचा निम्म्याहून अधिक धंदा लोणच्याचा होता, म्हणून त्यांना वेगळा अर्ज करून पुन्हा ४५०० रुपये भरावे लागले. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाचे शुल्क तेवढे आहे. म्हणून माझा आग्रह असा, की अर्जापूर्वी आपल्या बिलांवरून वस्तूंची यादी करा आणि प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे वर्गात शोधा.

त्याच अर्जात दुसरी चूक होती, आणि तिचे मला अधिक वाईट वाटते. नावाच्या वापराच्या रकान्यात 'वापराचा विचार आहे', म्हणजे नाव अजून वापरात आलेले नाही, असे लिहिले होते, सहा वर्षे माल विकला जात असतानाही.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा आक्षेपाकडे येतो. मध्य प्रदेशातील अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातात. त्या कार्यालयाच्या तपासणी अहवालात व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ९(१)(ब) दाखवून आक्षेप घेतला होता: 'मालवी चव' हे नाव मालाचा प्रदेश आणि गुण सांगते, कोणाचा माल ते सांगत नाही. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर गेले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाऊ शकते.

'नाव मला आवडते' हे उत्तर होत नाही. कलम ९ मध्ये अपवाद सांगणाऱ्या परंतुकाप्रमाणे, अर्जाच्या तारखेपूर्वीच्या वापराने ते नाव ग्राहकांच्या मनात आपल्याच मालाशी जोडले गेले आहे, हे दाखवावे लागते. त्यासाठी तारखा असलेली बिले, छापखान्याची लेबलांची पावती, दुकानदारांच्या मागण्या आणि प्रतिज्ञापत्र लागते. या भगिनींकडे ही सारी कागदपत्रे होती. पण 'वापराचा विचार आहे' हे त्यांचेच वाक्य आड आले. शेवटी लोणच्याच्या वेगळ्या अर्जात त्यांनी वापराची खरी तारीख घातली, सोबत प्रतिज्ञापत्र आणि बिले जोडली, आणि मसाल्यासाठी आजीच्या माहेरच्या आडनावावरून घडवलेला, कुठल्याही वस्तूचे वर्णन न करणारा शब्द निवडून नवा अर्ज केला.